तयारी ऑगस्टपासून, विचारणा ज्याच्या त्याच्या वेळी



दर वर्षी मार्च महिन्यात आमच्याकडे एकाच प्रकारचे फोन येऊ लागतात. "मुलाला सुट्टीत कुठेतरी इंटर्नशिप करायची आहे, काही होईल का?" फोन करणारी बहुधा मुलाची किंवा मुलीची आई असते. परीक्षा महिन्यावर आलेली असते, वर्गातल्या कुणाला तरी कुठेतरी जागा मिळाल्याची बातमी घरात पोचलेली असते आणि आपण मागे पडलो या विचाराने घर अस्वस्थ असते. आम्हालाही मग वाईट वाटते, कारण मार्चमध्ये उत्तर देण्यासारखे फार थोडे उरलेले असते. म्हणून या वेळी हा विषय आम्ही मुद्दाम ऑगस्टच्या अंकात घेतला आहे. पुढच्या मे महिन्याला अजून नऊ महिने आहेत.

इंटर्नशिप अनेक प्रकारची असते. सगळ्यांबद्दल थोडे थोडे सांगण्यापेक्षा एकाच मुलीची गोष्ट नीट सांगतो. तिच्या घरच्यांच्या परवानगीने सांगतो, नाव देत नाही. चिपळूणजवळच्या गावातली ही मुलगी रसायनशास्त्र घेऊन बीएस्सी करते. कॉलेज चांगले आहे, पण लहान आहे. तिथे नोकरी-इंटर्नशिप पाहणारा वेगळा विभाग नाही, म्हणजे जे करायचे ते आपले आपणच. पहिल्या वर्षी तिने मार्चअखेरीस शोध सुरू केला आणि ती सुट्टी तशीच गेली. दुसऱ्या वर्षी तिने ऑगस्टमध्ये सुरुवात केली. गेल्या महिन्यात ती पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सहा आठवडे काम करून घरी परतली. या दोन वर्षांत नेमका काय फरक पडला, ते पाहू.

तीन दारे, तीन वेळा

पहिल्या वर्षी मुलीची समजूत अशी होती की काम मेमध्ये आहे, तर मार्चमध्ये विचारले म्हणजे पुरे. विज्ञानाच्या विद्यार्थ्यापुढे साधारण तीन दारे असतात आणि तिन्ही वेगवेगळ्या वेळी बंद होतात, हे तिला कुणी सांगितले नव्हते.

पहिले दार राष्ट्रीय पातळीवरच्या उन्हाळी शिष्यवृत्त्यांचे. बेंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही मिळून दर वर्षी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. निवड झालेला विद्यार्थी देशातल्या एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली दोन महिने काम करतो आणि त्याला विद्यावेतन मिळते. याचे अर्ज साधारणपणे आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये भरले जातात. बेंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू केंद्राची मुदत बहुधा डिसेंबरात संपते, तर मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेची जानेवारीच्या अखेरीस. काही आयआयटींच्या उन्हाळी योजना फेब्रुवारी-मार्चपर्यंत उघड्या असतात. तारखा दर वर्षी थोड्या मागेपुढे होतात, त्यामुळे त्या संस्थेच्या संकेतस्थळावरच पाहाव्यात.

दुसरे दार एखाद्या प्राध्यापकाला किंवा शास्त्रज्ञाला थेट पत्र लिहिण्याचे. इथे छापील मुदत नसते. मात्र डिसेंबर-जानेवारीत लिहिलेल्या पत्राला उत्तर येण्याची जेवढी शक्यता असते, तेवढी एप्रिलमध्ये राहत नाही, कारण प्रयोगशाळेत बाहेरच्या दोन-तीन मुलांपुरतीच जागा असते आणि ती तोवर भरलेली असते.

तिसरे दार आपल्या परिसरातले, म्हणजे एमआयडीसीतला कारखाना, औषध तपासणारी प्रयोगशाळा, पाणी तपासणी केंद्र. हे दार सर्वांत उशिरा, फेब्रुवारी-मार्चमध्ये उघडते.

म्हणजे मार्चअखेरीस जागे झालेल्या मुलासाठी पहिले दार बंद झालेले असते, दुसरे बंद होत आलेले असते आणि तिसऱ्यावर गर्दी झालेली असते.

मग काय, सगळीकडेच लवकर विचारायचे? तसेही नाही. या मुलीच्या वर्गातल्या एकाने जुलैमध्येच पंचवीस प्राध्यापकांना पुढच्या मे महिन्यासाठी ईमेल पाठवले. एकाचेही उत्तर आले नाही. दहा महिन्यांनंतर आपल्याकडे कोण असेल, कोणते काम चालू असेल, हे त्या प्राध्यापकालाही माहीत नसते. कारखान्यातही ऑक्टोबरमध्ये गेलात तर "मार्चमध्ये या" एवढेच ऐकू येते. तयारी लवकर करायची आणि विचारणा ज्या दाराची जी वेळ आहे त्या वेळी करायची, हा या सगळ्यातला मुख्य मुद्दा आहे. कोणत्या महिन्यात काय करायचे ते यावरूनच ठरते.

ऑगस्ट : घरातला निर्णय आणि कागदपत्रे

पहिला महिना आम्ही अर्जांसाठी नाही, घरासाठी ठेवायला सांगतो. याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका मुलीची एप्रिलमध्ये परगावच्या संस्थेत निवड झाली. होकार कळवायला सात दिवस होते. घरात त्यापूर्वी कधी चर्चाच झाली नव्हती. अब्बा म्हणाले, चाचांना विचारू. चाचा म्हणाले, तिथे ओळखीचे कोण आहे ते पाहू. आठवा दिवस उजाडला तेव्हा ती जागा दुसऱ्याला गेली होती. घरच्यांचा विरोध नव्हता, त्यांना फक्त विचाराला वेळ हवा होता. तो वेळ ऑगस्टमध्ये भरपूर असतो.

आमच्या चिपळूणच्या मुलीने ऑगस्टमधल्या एका रविवारी अम्मी-अब्बांसमोर वही ठेवली. कोणत्या शहरापर्यंत जायला परवानगी आहे? संस्थेचे वसतिगृह असेल तरच, की नातेवाइकांकडे राहून चालेल? विद्यावेतन मिळाले नाही तर घरून किती खर्च झेपेल? अब्बांनी सांगितले, "मुंबई-पुणे चालेल. बेंगळुरूला मुलींचे वसतिगृह संस्थेच्या आवारातच असेल तर मी स्वतः सोडायला येईन. पैसे पंधरा हजारांपर्यंत." ही तीन वाक्ये तिने वहीत लिहून ठेवली. पुढचे नऊ महिने कुठे अर्ज करायचा आणि कुठे नाही, हे त्या तीन वाक्यांनी ठरले.

त्याच महिन्यात कागद काढून पाहावेत. आपल्या घरांत हा प्रश्न फार वेळा येतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि त्यात 'शेख'चे इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, बँकेत तिसरे. कुठे वडिलांचे नाव मध्ये आहे, कुठे गाळलेले आहे. अर्जाच्या वेळी हे चालून जाते. निवड झाल्यावर ओळखपत्र, वसतिगृह आणि विद्यावेतन यांच्या वेळी अडते. दहावीची गुणपत्रिका पाया धरावी आणि आधार व बँक खाते तिच्याशी जुळवून घ्यावे. दुरुस्तीला काही आठवडे जाऊ शकतात, पण ऑगस्टमध्ये त्याची चिंता नसते. बँक खाते विद्यार्थ्याच्या स्वतःच्या नावाचे असावे आणि चालू असावे. शाळेत शिष्यवृत्तीसाठी उघडलेले खाते पुष्कळदा व्यवहार नसल्याने बंद अवस्थेत पडलेले असते. एकदा बँकेत जाऊन पासबुक भरून घेतले की ते कळते.

सप्टेंबर : सरांना वेळेवर विचारणे

राष्ट्रीय शिष्यवृत्त्यांच्या अर्जाला शिक्षकाचे शिफारसपत्र लागते. सर्वांत जास्त अर्ज इथेच कोसळतात आणि मुलाला ते कळतही नाही.

होते असे. विद्यार्थी अर्जात शिक्षकांचा ईमेल पत्ता भरतो. काही योजनांत संस्थेकडून त्या पत्त्यावर एक दुवा जातो आणि शिक्षकांनी त्यातून पत्र चढवायचे असते. सरांनी कॉलेजने दिलेला पत्ता महिनोन्महिने उघडलेला नसतो, किंवा तो ईमेल नको असलेल्या पत्रांच्या कप्प्यात जाऊन पडतो. विद्यार्थ्याच्या बाजूने अर्ज पूर्ण दिसतो, पण मुदतीत पत्र न पोचल्यामुळे तो अपुरा ठरतो. काही योजनांत विद्यार्थ्यानेच सही-शिक्क्याचे पत्र जोडायचे असते. कोणती पद्धत आहे, हे सूचनांमध्ये आधीच वाचून घ्यावे.

यावर उपाय म्हणजे सप्टेंबरमध्येच सरांना भेटणे. मुलगी प्रात्यक्षिकाच्या मॅडमकडे गेली आणि म्हणाली, "मॅडम, नोव्हेंबरमध्ये मला शिफारसपत्र लागेल. तुम्ही द्याल का?" सोबत तिने एक पान लिहून नेले होते. त्यात आतापर्यंतचे गुण, मॅडमच्या हाताखाली केलेली प्रात्यक्षिके आणि एक प्रसंग होता. अनुमापनात तिचे आकडे तीनदा जुळले नव्हते. चौथ्या वेळी तिने ब्युरेटच गळत असल्याचे शोधून काढले होते. मॅडम हे विसरून गेल्या होत्या. 'ही विद्यार्थिनी मेहनती आहे' असे पत्र प्रत्येकाचेच असते. ब्युरेटचा प्रसंग एकीच्याच पत्रात असतो आणि वाचणाऱ्याच्या तोच लक्षात राहतो. शिक्षकांना सगळे आठवेल अशी अपेक्षा न ठेवता त्यांना लिहून देणे, यात संकोच वाटण्यासारखे काही नाही.

याच महिन्यात एका पानाचा परिचय तयार करावा. दुसऱ्या वर्षाच्या मुलाकडे लिहिण्यासारखे फार नसते आणि ते वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. शिक्षण, गुण, हाताळलेली उपकरणे, केलेला एखादा छोटा प्रकल्प, येणाऱ्या भाषा, एवढे पुरते. जे उपकरण फक्त काचेतून पाहिले आहे ते 'हाताळले' असे लिहू नये. मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. शिवाय खोटी साक्ष देणे आपल्याला शोभत नाही, ती एका ओळीची असली तरी.

ऑक्टोबर-नोव्हेंबर : पहिले दार

अकादम्यांच्या अर्जात गुण आणि शिफारसपत्राबरोबर एक छोटे टिपण मागतात. या दोन महिन्यांत तुम्हाला काय करायचे आहे, हे त्यात सांगायचे असते. मुले इथे 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' असे लिहितात. निवड करणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

आमच्या मुलीने पहिल्या मसुद्यात तेच लिहिले होते. आम्ही तिला विचारले, "वर्गात कोणत्या भागाला तू जास्त वेळ थांबलीस?" ती म्हणाली, "पाण्यातले धातू कसे ओळखतात तिथे. आमच्या खाडीच्या पाण्याबद्दल लोक नेहमी बोलतात, म्हणून." मग टिपणात तेच आले. पाण्यातील धातूंचे प्रमाण मोजण्याच्या पद्धतीत रस आहे, कॉलेजात फक्त अनुमापन केले आहे, उपकरणावरची मोजणी शिकायची आहे. आठ-दहा साधी वाक्ये झाली. तिने ते मॅडमकडून दोनदा तपासून घेतले.

आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. अर्जाची मुदत आणि दिवाळीची सुट्टी जवळजवळ येतात. कॉलेजचे कार्यालय बंद, मॅडम गावी, बोनाफाईड दाखल्यावर सही कोण करणार? म्हणून सही-शिक्क्याचे जे काही असेल ते सुट्टीच्या आधी उरकावे आणि अर्ज शेवटच्या तारखेच्या किमान चार-पाच दिवस आधी पाठवावा. शेवटच्या रात्री संकेतस्थळ इतके संथ होते की गुणपत्रिका चढता चढत नाही.

अर्ज भरण्याआधी पात्रता वाचावी. काही योजना पहिल्या वर्षाला घेत नाहीत, काही शेवटच्या वर्षाला घेत नाहीत, तर काही ठरावीक विषयांत फक्त एमएस्सीच्या विद्यार्थ्यांना घेतात. कुलाब्याच्या संस्थेचा अर्ज या मुलीने याच कारणासाठी भरला नाही. रसायनशास्त्रात ती तिथल्या अटीत बसत नव्हती. तो वेळ तिने दुसऱ्या दाराला दिला.

डिसेंबर-जानेवारी : थेट पत्रे

पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आहे, आयसर आहे, मुंबईत माटुंग्याला रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. अशा संस्थांच्या संकेतस्थळावर प्रत्येक शास्त्रज्ञाचे पान असते आणि तो कशावर काम करतो ते तिथे लिहिलेले असते. काही संस्थांत बाहेरच्या विद्यार्थ्याने थेट शास्त्रज्ञाला न लिहिता ठरलेल्या अर्जानेच यायचे असते. हेही तिथेच लिहिलेले असते, ते आधी पाहावे.

मुलीने डिसेंबरात चौदा जणांची यादी केली. पाणी आणि धातू यांच्याशी संबंध असलेलेच निवडले. प्रत्येकाचे पान वाचून त्यांच्या कामाबद्दल एक वाक्य स्वतःच्या शब्दांत लिहिले आणि दर आठवड्याला चार पत्रे या हिशेबाने एकेकाला वेगळे पत्र पाठवले. पत्र इंग्रजीत होते. त्याचा मजकूर मराठीत असा :

'मी चिपळूणजवळच्या कॉलेजात बीएस्सी रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षात आहे. पाण्यातील शिसे ओळखण्यासाठी आपला गट जे काम करतो त्याबद्दल मी आपल्या पानावर वाचले. मी आतापर्यंत अनुमापन केले आहे, उपकरणावर काम केलेले नाही, पण शिकायची तयारी आहे. 1 जून ते 12 जुलै असे सहा आठवडे मी येऊ शकते. आपल्याकडे जागा असेल का? एका पानाचा परिचय आणि गुणपत्रिका सोबत जोडली आहे.'

एवढेच. यात तारखा आहेत, हे लक्षात घ्या. तारखा नसलेल्या पत्राला उत्तर द्यायचे तर समोरच्याला आधी प्रश्न विचारावे लागतात आणि गडबडीत तो ते टाळतो. बारा दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच पत्राखाली दोन ओळींची आठवण द्यावी. एकदाच. एकच पत्र तीस जणांना एकत्र पाठवू नये. सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना दिसतात आणि कुणीच उत्तर देत नाही.

चौदा पत्रांना तीन उत्तरे आली. एक नकार, एक 'मार्चमध्ये पुन्हा लिहा' आणि एक 'फोनवर बोलू'. अकरा जण गप्प राहिले. मुलगी हिरमुसली होती. आम्ही तिला सांगितले की चौदात तीन म्हणजे वाईट नाही.

फेब्रुवारी-मार्च : मुलाखत, रमजान आणि तिसरे दार

यंदा फोनवरची मुलाखत रमजानमध्ये आली. दुपारी चारची वेळ दिली होती. रोजा असताना त्या वेळी घसा कोरडा असतो, डोके जड असते. तिने नम्रपणे लिहिले, 'सकाळी अकराची वेळ शक्य आहे का?' आणि ती लगेच मिळाली. रमजान दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. 2027 मध्ये तो फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होईल. म्हणजे जानेवारीअखेरची मुदत आणि फेब्रुवारीतले अर्ज हे रमजानच्या अगदी तोंडावर आणि रमजानमध्ये येतात. शक्य तेवढे लिखाण रमजानआधीच आटोपलेले बरे. इबादतीच्या दिवसांत अर्जांची ओढाताण नको.

मुलाखत वीस मिनिटांची झाली. ब्युरेटचा प्रसंग विचारला गेला. एका प्रश्नाचे उत्तर तिला आले नाही आणि तिने तसे सांगितले. होकार मार्चअखेरीस आला. अकादम्यांच्या शिष्यवृत्तीत मात्र तिची निवड झाली नाही.

होकार येईपर्यंत ती हातावर हात ठेवून बसली नव्हती. चिपळूणहून लोटे-परशुरामची एमआयडीसी जवळ आहे आणि तिथे रासायनिक कारखाने आहेत. मार्चच्या सुरुवातीला ती अब्बांबरोबर, कॉलेजचे पत्र घेऊन तीन कारखान्यांत गेली. एका ठिकाणी गुणवत्ता तपासणीच्या प्रयोगशाळेत महिनाभर यायची तयारी त्यांनी दाखवली. पुण्याचे नक्की झाल्यावर तिने त्याच दिवशी त्यांना फोन करून आभार मानले आणि जागा सोडली. ही जागा मग तिच्याच वर्गातल्या मुलाला मिळाली. दोन जागा अडवून एक शेवटच्या दिवशी सोडली असती, तर पुढच्या वर्षी त्या कॉलेजच्या मुलाला त्या फाटकातून आत कुणी घेतले नसते.

मार्च-एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट सुरू होते. 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' असे संदेश मोबाईलवर येऊ लागतात. अर्ज केलेला नसतो, मुलाखत झालेली नसते, काम काय ते कळत नाही आणि नोंदणीचे दोन-अडीच हजार रुपये आजच भरायचे असतात. या मुलीने पहिल्या वर्षी असेच पैसे भरले होते. तिला एक प्रमाणपत्र आणि काही चित्रफिती मिळाल्या. माणूस भेटला नाही, काम मिळाले नाही. यातले प्रत्येक ठिकाण कायद्याने फसवणूक ठरेलच असे नाही, पण ती इंटर्नशिप नव्हे. ओळखायची खूण सोपी आहे. खऱ्या ठिकाणी तुम्ही काय करू शकता हे आधी विचारतात. इथे पैसे कधी भरता हे आधी विचारतात. उशीर झालेले, घाबरलेले मूलच अशा संदेशाला भुलते.

एप्रिल-मे : परीक्षेची तारीख

शेवटची अडचण अशी आहे की जिच्यावर विद्यार्थ्याचा काहीच ताबा नसतो. विद्यापीठाच्या परीक्षा पुढे जातात. लेखी परीक्षा संपली असे वाटते आणि प्रात्यक्षिक परीक्षेची तारीख दहा दिवस पुढे पडते. संस्थेने 15 मेची तारीख दिलेली असते आणि आपला शेवटचा पेपर 22 मेला असतो.

म्हणून हिशेब परीक्षेपासून उलटा करावा. मागच्या दोन वर्षांत आपल्या वर्गाची परीक्षा, प्रात्यक्षिकांसह, कधी संपली ते वरच्या वर्गातल्या मुलांना विचारावे. त्यातली उशिराची तारीख घ्यावी आणि वर दहा दिवस सोडावेत. या मुलीला 20 मे ही तारीख मिळाली होती, म्हणून तिने पत्रात 1 जून लिहिले. यंदा तिची प्रात्यक्षिके खरोखरच पुढे गेली, तरी 1 जून टळला नाही. बकरी ईदही घरी झाली. 2027 मध्ये बकरी ईद मेच्या मध्याच्या सुमारास येईल. ज्यांचे काम त्याआधी सुरू होणार असेल, त्यांनी रुजू होण्यापूर्वीच दोन दिवसांची रजा लिहून मागावी. आधी मागितलेली रजा बहुतेक ठिकाणी मिळते. आदल्या संध्याकाळी मागितलेली अवघड जाते.

होकार आला की तीन गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात. लेखी होकार कळवावा, प्राचार्यांचे ना-हरकत पत्र घ्यावे आणि राहण्याचे विचारावे. मेमध्ये कॉलेजचे कार्यालय अर्धे रिकामे असते, म्हणून पत्र एप्रिलमध्येच घ्यावे. मुलीला वसतिगृहात जागा मिळाली नाही. संस्थेतल्याच एका विद्यार्थिनीने जवळचे मुलींचे वसतिगृह सुचवले, अब्बा एक दिवस जाऊन पाहून आले. तिला विद्यावेतन नव्हते. राहणे, खाणे आणि प्रवास मिळून साडेतेरा हजार रुपये लागले. ऑगस्टमध्ये ठरवलेल्या पंधरा हजारांच्या आत बसले, म्हणून मेमध्ये घरात पैशांवरून एक शब्दही निघाला नाही.

सहा आठवड्यांत तिने काही मोठा शोध लावला नाही. ती पाण्याचे नमुने तयार करायला शिकली, एका उपकरणावर मोजणी करायला शिकली आणि आपली मोजणी चुकली हे ओळखायला शिकली. परत आल्यावर तिच्या अम्मीचा फोन आला. म्हणाल्या, "आता ही एमएस्सी पुण्यालाच करायची म्हणते. तुम्हीच समजवा." कुणाला समजवायचे ते मात्र त्यांनी सांगितले नाही. आम्ही म्हटले, त्यालाही अजून पुष्कळ अवकाश आहे, इन्शाअल्लाह एखाद्या रविवारी वही घेऊन बसा.

हा अंक कुणाच्या हाती उशिरा, समजा जानेवारीत पडला, तर पहिल्या दाराचा नाद सोडावा आणि त्याच आठवड्यात दहा-बारा जणांची यादी करून पत्रे लिहावीत. मार्चमध्ये पडला, तर जवळच्या एमआयडीसीत किंवा प्रयोगशाळेत कॉलेजचे पत्र घेऊन स्वतः जावे. आणि ऑगस्टमध्येच हाती असेल, तर आज फक्त दहावीची गुणपत्रिका, आधार आणि पासबुक एकमेकांशेजारी ठेवून तिन्हींवरचे नाव वाचावे.